घोस्टिंग झालंय की नुसतं दुरावलोय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये काउन्सिलिंग करते, कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत एक छोटी खोली आहे, समोर येऊन बसणारे बहुतेक जण वीस ते पस्तीसमधले. हल्ली एक सीन इतक्या वेळा होतो की मला तो पाठ झालाय. खुर्चीत बसल्या बसल्या माणूस फोन अनलॉक करतो, चॅट उघडतो आणि फोन माझ्या हातात देऊन म्हणतो, "मॅडम, तुम्हीच बघा, हे घोस्टिंगच आहे ना?" तेच प्रश्न आणि तीच उत्तरं, म्हणून एकदाचं लिहून ठेवतेय. उदाहरणांमधली नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि जी केस सविस्तर दिलीये ती जिची आहे तिने वाचून "टाक बिनधास्त" म्हटलंय.

घोस्टिंग म्हणजे नेमकं काय हो?

ज्या माणसाशी तुमचं नियमित बोलणं आहे, पुढे बोलणं होणार असं दोघांनीही धरलेलं आहे, त्याने काहीही न सांगता सगळं बोलणं बंद करणं. मेसेजला उत्तर नाही, फोन उचलत नाही, कारण सांगत नाही, "आता नको" एवढंही म्हणत नाही. भुतासारखा गायब, म्हणून घोस्ट.

यातलं "पुढे बोलणं होणार असं धरलेलं" हे विसरू नका. गंगापूर रोडला एकदा कॉफी प्यायली, दोघांनाही मजा आली नाही, नंतर कुणीच मेसेज केला नाही, याला घोस्टिंग म्हणू नका प्लीज. तिथे कुणी कुणाची वाट बघत नव्हतं.

हा शब्द आला कुठून?

इंग्रजी इंटरनेटवरून, डेटिंग अॅप्सच्या काळात. साधारण 2015 च्या आसपास तो सगळीकडे ऐकू यायला लागला आणि 2017 मध्ये मेरियम-वेबस्टर डिक्शनरीने या अर्थाने त्याची नोंद केली. प्रकार मात्र जुनाच आहे. नातं कसं संपवतात यावर लेस्ली बॅक्स्टर या संशोधक बाईंनी 1980 च्या दशकात काम केलं, त्यातही "टाळत राहणे, भेटीगाठी कमी करत नेणे" ही पद्धत आहेच, तेव्हा कुणाकडे मोबाइल नव्हता. तेव्हा पत्राला उत्तर यायचं नाही, पण पोस्टात हरवलं असेल असं मानायला जागा होती. आता ती जागा गेली, कारण समोरचा दहा मिनिटांपूर्वी ऑनलाइन होता हे आपल्याला दिसतं.

मराठीत याला शब्द नाहीये का? अबोला आहे की!

अबोला वेगळा, आणि हा फरक मला फार आवडतो. लहानपणी आपण कट्टी घ्यायचो, म्हणजे करंगळी पुढे करून समोरच्याच्या तोंडावर सांगायचो की आजपासून कट्टी. ती जाहीर असायची. कधी सुरू झाली हे दोघांना माहीत, का झाली हेही माहीत, आणि बट्टी करायची सोय पण ठरलेली. अबोला मोठ्यांचा, पण त्यातही दोघांना माहीत असतं की अबोला चालू आहे. आमच्याकडे आजी-आजोबांचा अबोला असला की "त्यांना विचार चहा घेणार का" असे निरोप माझ्यामार्फत जायचे, चहा मात्र जायचाच.

घोस्टिंगमध्ये एकाला माहीत असतं की संपलंय आणि दुसऱ्याला नसतं. "बोलणं टाकलं" हा आपला शब्द जवळचा आहे, पण बोलणं टाकतात तेही बहुतेकदा चार लोकांत कळेल असंच. त्यामुळे "घोस्ट केलं" हे क्रियापद मराठीत आलं ते बरंच झालं, माझी हरकत नाही. पंचवटीतल्या एका मावशींनी मला "मुलगा गुल झाला" असं सांगितलं होतं, तेही चालेल.

मग घोस्टिंग आणि दुरावणं यात फरक काय? शेवटी दोन्हीकडे बोलणं बंदच ना?

शेवट बघितला तर सारखाच दिसतो, म्हणून शेवट बघायचाच नाही. शांत झालेल्या चॅटकडे बघून काही कळत नाही, वर स्क्रोल करून ती शांत कशी झाली ते बघायचं.

मी तीन गोष्टी बघते. पहिली, शेवटचा मेसेज काय आहे. तो प्रश्न आहे का, आणि तो प्रश्न तसाच लटकतोय का? "रविवारी येतोयस ना?" असं विचारून पुढे कोरं असेल तर कुणीतरी उत्तर द्यायचं टाळलंय. दुरावलेल्या मैत्रीत शेवटचा मेसेज बहुतेकदा पूर्ण झालेला असतो, "हो गं भेटू नक्की", "थँक्यू यार, काकूंना नमस्कार सांग", हात जोडलेले इमोजी, संपलं. कुणी कुणाचं काही देणं लागत नाही.

दुसरी गोष्ट, उतार एका बाजूचा आहे की दोन्ही बाजूंचा. दुरावण्यात दोघांचेही मेसेज कमी होत जातात, थोडं पुढेमागे, पण दोघांचेही. घोस्टिंगमध्ये एकाचे मेसेज आटतात आणि दुसऱ्याचे उलट वाढतात, कारण तो घाबरलेला असतो. चॅटमध्ये सगळे फुगे उजवीकडेच दिसायला लागतात. मला फोन हातात आला की मी आधी हेच बघते, मजकूर नंतर वाचते.

तिसरी म्हणजे, कारण बाहेर सापडतं का. नोकरी बदलली, बाळ झालं, शिफ्ट बदलली, कुणी अंबडची कंपनी सोडून हिंजवडीला गेलं. पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला जाणाऱ्या पासवाल्यांना विचारा, वर्षानुवर्षं एकाच डब्यात पत्ते, वाढदिवसाचा केक, एकमेकांच्या मुलांच्या मुंजी, लग्नं. आणि एकाला वर्क फ्रॉम होम मिळालं की सहा महिन्यांत फोनसुद्धा नाही. तिथे कुणी कुणाला टाकलेलं नसतं, ती मैत्री त्या डब्यात होती आणि डबा सुटला. घोस्टिंगमध्ये बाहेर काहीच बदललेलं नसतं. माणूस त्याच शहरात, त्याच नोकरीत, त्याच फोनवर असतो, फक्त तुमच्यासाठी नसतो.

एखादी खरी केस सांगा ना.

सांगते. सायली म्हणूया. वय 27, अंबडला एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला. अॅपवर नाशिक रोडचा एक मुलगा मॅच झाला. सात आठवडे बोलणं, पाच भेटी, त्यातली एक सकाळी सातची मिसळ, आणि सकाळी सातला कुणी मिसळ खायला उठून येत असेल तर आपल्याकडे ते सिरियसच धरतात. त्याने स्वतःहून बहिणीशी व्हिडिओ कॉलवर ओळख करून दिली होती. म्हणजे "पुढे बोलणं होणार" हे धरायला भरपूर कारण होतं.

शेवटचा मेसेज तिचा, गुरुवारी रात्री पावणेदहाला, "रविवारी सोमेश्वरला जायचंय ना? पाऊस चांगला आहे, धबधबा मस्त असेल". दोन राखाडी टिक. रविवार गेला. सोमवारी तिने "अरे बरा आहेस ना?" विचारलं. पुन्हा दोन टिक. मंगळवारी दोनदा फोन केला, रिंग वाजून बंद झाली. बुधवारी ती माझ्याकडे.

आम्ही वर स्क्रोल केलं आणि वहीवर मोजलं, गंमत म्हणून नाही, मोजल्याशिवाय माणूस स्वतःलाच फसवतो म्हणून. दिवसाचं पहिलं बोलणं कोण सुरू करतं एवढंच लिहायचं. पहिल्या पाच आठवड्यांत जवळपास निम्मं निम्मं. सहाव्या आठवड्यात सातपैकी सहा दिवस ती. सातव्यात सातही दिवस ती. त्याची उत्तरं आधी चार-पाच ओळींची, मग "हो", "बघतो", "कामात होतो". आणि त्याच्याकडून येणारा प्रश्न कधी बंद झाला ते पण सापडलं. भेटीच्या पाचव्या रविवारनंतर त्याने तिला एकही प्रश्न विचारला नव्हता. "तू काय करतेयस", "जेवलीस का", काहीच नाही. हे तिला तेव्हा दिसलं नव्हतं, कारण उत्तरं येत होती ना.

म्हणजे तो गुरुवारी गायब झाला नाही. दोन आठवडे तो हळूहळू निघून चालला होता आणि गुरुवारी दार लागलं. याला हल्ली स्लो फेड म्हणतात. सायली म्हणाली, "म्हणजे दुरावलोच की आम्ही, त्याला घोस्टिंग का म्हणायचं?" चांगला प्रश्न आहे. दुरावलो म्हणण्यासाठी ती पण दूर जायला हवी होती ना, ती तर जागेवर उभी होती, उलट चार पावलं पुढे आली होती. आणि थेट प्रश्न होता, एकदा नाही दोनदा, त्याला "नाही जमणार" हे दोन शब्द पण आले नाहीत.

पुढचं पण सांगते. शुक्रवारी त्याचा फोटो दिसेनासा झाला आणि शनिवारी पाठवलेल्या मेसेजला एकच टिक. त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

ब्लॉक केलंय की नाही हे टिकवरून कळतं का?

पक्कं कळत नाही, आणि व्हॉट्सअॅपने ते मुद्दामच धूसर ठेवलंय, ज्याने ब्लॉक केलं त्याची प्रायव्हसी म्हणून. तरी काय काय निघतं ते सांगते, कारण लोक यावर रात्र रात्र जागतात.

एक टिक म्हणजे मेसेज तुमच्याकडून गेला, त्याच्या फोनवर पोचला नाही. दोन राखाडी म्हणजे पोचला. निळ्या म्हणजे चॅट उघडलं, हे 2014 च्या नोव्हेंबरपासून आहे. पण रीड रिसीट्स बंद ठेवल्या तर वाचूनही राखाडीच राहतात, त्यामुळे राखाडी टिक म्हणजे "वाचलंच नाही" असं समजू नका. ग्रुपमध्ये मात्र ते सेटिंग चालत नाही, आणि व्हॉइस मेसेज ऐकला तर माइक निळा होतोच.

दोन टिक असतील तर तो मेसेज पाठवला तेव्हा तुम्ही ब्लॉक नव्हता, एवढं नक्की. सायलीचा गुरुवारचा आणि सोमवारचा मेसेज त्याला मिळाला होता. फोटो जाणं याचा अर्थ ब्लॉक असू शकतो, पण फोटो "माय कॉन्टॅक्ट्स"वर ठेवला असेल आणि त्याने तुमचा नंबर डिलीट केला तरी तो जातो. लास्ट सीनचं तेच. एकच टिक तर कशानेही राहते, फोन बंद, नेट नाही, नंबर बदलला, अॅप काढून टाकलं, त्र्यंबकच्या पुढे कुठे डोंगरात ट्रेकला गेला. पण फोटो गेला, लास्ट सीन गेलं, टिक तीन-चार दिवस एकच आणि व्हॉट्सअॅप कॉल पण लागत नाही, हे सगळं एकत्र आलं तर बहुधा ब्लॉकच आहे. ब्लॉक असताना पाठवलेले मेसेज नंतर अनब्लॉक केल्यावरही पोचत नाहीत, तेव्हा तिथे पान पान लिहून काही उपयोग नाही, ते कुणी वाचणार नाहीये.

मैत्रिणीच्या फोनवरून त्याचा फोटो दिसतो का बघणं, हे सगळेच करतात, मला माहितीये. सायलीने पण केलं. दिसला. मग ती दोन दिवस झोपली नाही. म्हणजे माहिती मिळाली पण उपयोग काय झाला सांगा.

किती दिवस उत्तर आलं नाही की घोस्टिंग म्हणायचं?

आकडा नाही देणार. रोज बोलणाऱ्याने तीन दिवस उत्तर दिलं नाही तर ते मोठं आहे, आणि माझा एक मित्र द्राक्षाच्या बागेचं काम करतो दिंडोरीकडे, तो छाटणीच्या दिवसांत आणि मग माल काढायच्या दिवसांत दोन दोन आठवडे उत्तर देत नाही, कुणालाच नाही, बायकोलाही "हं" एवढंच. त्यामुळे त्या माणसाची नेहमीची सवय काय आणि त्यापेक्षा हे किती वेगळं आहे ते बघा. आणि आजारपण, अपघात, घरात काही झालं असेल ही शक्यता एकदा खरंच तपासा, कॉमन ओळखीच्या एकाला साधं विचारा, "तो बरा आहे ना?" बरा आहे असं कळलं की तिथे थांबा, पुढचा तपास नको.

स्थळ बघताना "कळवतो" म्हणून कळवतच नाहीत, ते घोस्टिंगच ना?

हाहा. हा प्रश्न मुलामुलींपेक्षा त्यांच्या आया जास्त विचारतात. कांदेपोहे झाले, चहा झाला, निघताना "घरी बोलून कळवतो", आणि मग काही नाही. माझं मत, ते घोस्टिंग नाही, कारण आपल्याकडे "कळवतो" याचा अर्थ न कळवणं असाही होतो हे दोन्ही घरांना माहीत असतं. आठ-दहा दिवस फोन आला नाही की वडील म्हणतात, "नाही दिसत जुळत", आणि पुढचं स्थळ बघतात. कळवलं तरी "पत्रिका जुळत नाही" असं येतं, ज्यात पत्रिकेचा काही संबंध नसतो, ते बिचाऱ्या गुरुजींवर ढकललेलं सभ्य नाही असतं.

पण मुलगा-मुलगी महिनाभर स्वतंत्र बोलले, चार वेळा भेटले, हॉल कुठला बघायचा इथपर्यंत बोलणं आलं आणि मग घर अख्खंच फोन उचलेनासं झालं, तर ते घोस्टिंगच, तेही सहकुटुंब. अशा दोन केसेस माझ्याकडे आल्यात.

मैत्रीत पण घोस्टिंग होतं का?

होतं, आणि जास्त छळतं, कारण ब्रेकअपला निदान शब्द आहे. मैत्री तुटली तर कुणी रजा देत नाही, आई म्हणते "अगं असेल बिझी". आणि मैत्रीत दुरावणं इतकं कॉमन आहे की खरं घोस्टिंग त्यात लपून जातं, आणि उलटंही होतं, साधं दुरावलेलं असताना माणूस म्हणतो मला टाकलं.

माझंच सांगते. शाळेतली मैत्रीण, पंचवटीतलीच, दोन घरं सोडून. बारावीपर्यंत एका सायकलवर दोघी. ती पुण्याला गेली इंजिनिअरिंगला, आधी रोज फोन, मग रविवारी, मग सेमिस्टर संपलं की. लॉकडाऊनमध्ये एकदम रोज बोलायला लागलो, ते तीन महिने टिकलं. मग वाढदिवस, मग वाढदिवसाला पण स्टेटसवर हार्ट. मी मधे वर्षभर मनात धरून होते की हिला आता आपली गरज नाही. मग एकदा जे सगळ्यांना सांगते तेच स्वतःच्या चॅटवर केलं, स्क्रोल केलं. तिचा एकही प्रश्न मी उत्तराशिवाय सोडला नव्हता आणि माझाही तिने नाही, प्रश्नच दोघींनी विचारणं बंद केलं होतं. शेवटचे दहा मेसेज पाच तिचे पाच माझे. त्या वर्षी रंगपंचमीला ती माहेरी आलेली, जुन्या नाशकात रहाड उघडतात ती बघायला आम्ही दोघी समोरासमोर आलो, ओल्या, पिवळ्याजर्द, आणि तिने पहिलं वाक्य काय म्हणावं, "तुझी स्कूटी कुठे लावलीयेस, मला घरी सोड". मधली सहा वर्षं गेलीच नव्हती जणू. घोस्ट केलेल्या माणसासमोर असं होत नाही, तिथे एक जण गल्ली बदलतो.

मैत्री आपोआप कमी कशी होते, कुणाची काही चूक नसताना?

यावर ब्रिटनमध्ये सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबार यांचा अभ्यास आहे, 2015 मध्ये आलेला. शाळा संपवून पुढे गेलेल्या मुलामुलींना त्यांनी 18 महिने फॉलो केलं. नातेवाईकांशी जवळीक संपर्क कमी झाला तरी बऱ्यापैकी टिकली, मित्रांशी मात्र संपर्क घटला तशी ती घसरली. आणि यात एक मजेशीर फरक निघाला, मुलींच्या मैत्र्या बोलण्याने टिकल्या, मुलांच्या एकत्र काहीतरी केल्याने. म्हणजे मुलांना फोनवर "काय चाललंय" विचारून फार काही होत नाही, त्यांना गोल्फ क्लब ग्राउंडवर चालायला किंवा पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला सोबत न्यावं लागतं. माझ्याकडे येणारे बरेच पुरुष "मित्रांनी टाकलं" म्हणतात आणि विचारलं तर कळतं की रविवारचं क्रिकेट बंद पडलं, बाकी काहीच झालेलं नाही.

सात आठवड्यांच्या माणसासाठी इतका त्रास का होतो? मी वेडी आहे का?

नाही. किपलिंग विल्यम्स म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचा सायबरबॉल नावाचा प्रयोग आहे. कॉम्प्युटरवर तीन खेळाडू बॉल एकमेकांकडे टाकतात, थोड्या वेळाने बाकीचे दोघं तुमच्याकडे बॉल टाकणं बंद करतात. बस, एवढंच. चार-पाच मिनिटांच्या या फालतू गेमनंतर लोकांचा मूड पडतो, आपण कुणीच नाही असं वाटतं, आणि 2004 च्या अभ्यासात तर लोकांना आधीच सांगितलं होतं की समोर माणसं नाहीत, कॉम्प्युटरच खेळतोय, तरी वाईट वाटलंच. तिथे बॉल होता, इथे सकाळी सातची मिसळ आहे.

दुसरं कारण, इथे संपलंय हे कुणी सांगितलेलं नसतं. पॉलीन बॉस यांनी 1970 च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्या अमेरिकन सैनिकांच्या घरच्यांबरोबर काम केलं, माणूस गेला म्हणावं तर पुरावा नाही, आहे म्हणावं तर समोर नाही. अशा नुकसानीला त्यांनी अँबिग्युअस लॉस नाव दिलं. तो प्रसंग आणि डेटिंग अॅप यांची तुलना करत नाहीये, दुःख सारखं नाहीच. पण मनाची अडचण तशीच असते, रडून मोकळं व्हावं तर कशावर रडायचं, उद्या मेसेज आला तर? म्हणून माणूस लास्ट सीन बघत बसतो.

लोक करतात तरी का असं?

वाईटपणा घ्यायचा नसतो, बहुतेकदा एवढंच. मी घोस्ट करणाऱ्यांशीही बोलते, ते पण येतात, उशिरा. सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे "तिला वाईट वाटलं असतं म्हणून नाही सांगितलं". आणि दुसरं, जे मला जास्त खरं वाटतं, "आधी दोन दिवस उत्तर द्यायचं राहिलं, मग लाज वाटायला लागली, मग लाजेमुळे आणखी राहिलं". मी स्वतः हे केलंय, पंचविशीत, एका चांगल्या मुलाबरोबर. अजूनही तो कॉलेज रोडला दिसला की मी मोबाइलमध्ये बघते.

न सांगता गायब होणं कधी बरोबर असतं का?

हो. समोरचा धमक्या देत असेल, पाठलाग करत असेल, नको म्हटल्यावरही मागे लागत असेल, फोटोवरून ब्लॅकमेल करत असेल, मारहाण असेल, तर समजावत बसू नका. आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा, मग ब्लॉक, घरच्यांना किंवा जवळच्या मैत्रिणीला सांगा, आणि गरज पडली तर महिला हेल्पलाइन 181 किंवा पोलिसांचा 112. एकदा स्पष्ट "नाही" सांगून झालंय आणि तरी मेसेज येतायत, त्यांना उत्तर न देणं हे पण घोस्टिंग नाही, तुमचं सांगून झालेलं आहे.

शेवटचा एक मेसेज करू का? काय लिहू?

करा, पण एकच, आणि त्यात प्रश्न नको. प्रश्न टाकला की परत उत्तराची वाट बघणं सुरू. सायलीने ब्लॉकचा संशय आल्यावर साधा एसएमएस केला, तो असा होता: "तुझ्याकडून काही उत्तर आलं नाही, म्हणजे तुला पुढे जायचं नाहीये असं मी धरतेय. मला सांगितलं असतंस तर आवडलं असतं. आता माझ्याकडून मेसेज येणार नाही." तीन वाक्यं. पहिल्या ड्राफ्टमध्ये "माझं काय चुकलं ते तरी सांग" होतं, ते आम्ही काढलं, कारण जो "नाही जमणार" सांगू शकला नाही तो हे काय सांगणार. उत्तर आलं नाही. तिने त्या रात्री चॅट अर्काइव्ह केलं, डिलीट नाही, डिलीट केलं की बॅकअपमधून काढायची आयडिया सुचते लोकांना.

मैत्री दुरावलीये असा अंदाज असेल तर उलट करा, प्रश्न टाका, आणि सोपा टाका. "कशी आहेस" ला "मस्त, तू" येतं आणि संपतं. "शनिवारी संध्याकाळी गोदाघाटावर येतेस का, सहाला?" याला हो किंवा नाही यावंच लागतं. उत्तर दोन दिवसांनी आलं तरी चालेल, "अगं शनिवारी नाही जमत, पुढच्या आठवड्यात?" असं आलं तर मैत्री जिवंत आहे. असे दोन-तीन प्रश्न वेगवेगळ्या महिन्यांत लटकले तर मात्र ते दुरावणं राहिलं नाही.

आणि मीच कुणाला घोस्ट केलं असेल तर? आता सहा महिने झालेत.

सांगू शकता, पण हे मेसेज स्वतःला हलकं वाटावं म्हणून पाठवू नका. छोटं लिहा, कारणांची माळ नको: "मार्चमध्ये मी उत्तर न देता गायब झालो, तुला सांगायला हवं होतं, सॉरी. उत्तर द्यायलाच हवं असं काही नाही." परत भेटायचं असेल तर ते या मेसेजमध्ये घुसवू नका. आणि तिने ब्लॉक केलेलं असेल तर दुसऱ्या नंबरवरून पाठवायचं नाही, मित्राकरवी निरोप पण नाही.

गायब झालेला माणूस एकदम स्टोरी लाइक करतो, याचा अर्थ काय?

बोलत नाही पण स्टोरी बघतो, लाइक करतो, त्याला ऑर्बिटिंग म्हणतात, आणि महिन्यांनी थेट "हाय, कशी आहेस" म्हणून उगवतो त्याला झॉम्बिइंग. अर्थ शोधू नका, अंगठ्याला काम लागतं म्हणून बरंच काही लाइक होतं.

सायलीचा तो चार महिन्यांनी उगवला. तिच्या इन्स्टावर तिने गंगापूर धरणाच्या बाजूचा फोटो टाकलेला, त्यावर हार्ट आणि खाली "मिस्ड धिस प्लेस". प्लेस, हं. तिने मला स्क्रीनशॉट पाठवला, मी उत्तर टाइप करतच होते तर तिचा दुसरा मेसेज आला, "मॅडम राहू द्या, मी वर स्क्रोल करून बघितलं. याच्यात पण प्रश्न नाहीये."